दारू बंद, घरांवर कर: लठ्ठ्यांच्या एका अंदाजपत्रकाची गोष्ट

कोल्हापूरच्या दरबारात एकेकाळी दिवाण असलेला माणूस पुढे मुंबई इलाख्याचा अर्थमंत्री झाला, ही गोष्ट आज कोल्हापुरातही फार थोड्यांना ठाऊक आहे. अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांचा जन्म 1878 चा, कुरुंदवाडचा. राजाराम कॉलेजात ते प्राध्यापक होते, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा हात होता आणि शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनी 1924 साली प्रसिद्ध केले. बेळगावात वकिली करून 1926 मध्ये ते राजाराम महाराजांचे दिवाण झाले. 1937 साली बेळगाव जिल्ह्यातून काँग्रेसतर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले आणि बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थखाते आले.

एकाच माणसाने दोन तऱ्हेची अंदाजपत्रके हाताळली. कोल्हापुरात जमाखर्चाला मंजुरी लागायची ती महाराजांची. वर रेसिडेंटची नजर असायची, पण खाली मोजून मते देणारे सभागृह नव्हते. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण काढले तेव्हा कुणी कपात सूचना मांडली नाही, आणि पुढे पैशाअभावी ते काम अर्ध्यावर थांबले तेव्हा कुणाला सभागृहात उत्तरही द्यावे लागले नाही. चांगला राजा असला की या पद्धतीत कामे झपाट्याने होतात. कोल्हापूरकरांना ते सांगायला नको. मात्र राजा थांबला की काम थांबते आणि का थांबले हे विचारायची अधिकृत जागाच नसते.

मुंबईत मात्र 175 सभासदांची विधानसभा होती. अपोलो बंदराजवळ खलाशांच्या निवासासाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत तेव्हाचे कौन्सिल हॉल होते. आज तिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. अध्यक्षाच्या खुर्चीवर गणेश वासुदेव मावळंकर बसत. कागदावर पाहिले तर पैशाचा मालक हे सभागृह होते. प्रत्यक्षात ते कितपत मालक होते, हे लठ्ठ्यांच्या 1939-40 च्या अंदाजपत्रकात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

आधी सभागृहाच्या हातात काय होते ते पाहू. 1935 च्या कायद्याने प्रांताचा खर्च दोन भागांत वाटला होता. एक भाग मतदानाला टाकायचा आणि दुसरा थेट तिजोरीवर भारित. गव्हर्नरचा पगार, कर्जाचे व्याज आणि परतफेड, मंत्र्यांचे आणि हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार, कोर्टाच्या हुकूमनाम्याची रक्कम, हे सगळे भारित. आयसीएस आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे पगारही भारितच. यावर सभासदांना बोलता यायचे, त्यातही गव्हर्नरच्या पगारावर बोलायची सोय नव्हती, आणि मत तर कशावरच देता यायचे नाही. म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर कितीही अप्रिय असो, त्याचा पगार एक रुपयाने कमी करायचा अधिकार सभागृहाला नव्हता. त्या कलेक्टराच्या कचेरीतल्या कारकुनाचा पगार मात्र मतदानाला यायचा.

उरलेला खर्च खात्यावार मागण्यांच्या रूपाने यायचा. प्रत्येक मागणीवर सभागृह तीनच गोष्टी करू शकत होते: मान्य करणे, नाकारणे किंवा कमी करणे. वाढवायची सोय नव्हती. समजा बेळगावकडच्या एका सभासदाला वाटले की आपल्या तालुक्यातल्या रस्त्याला पन्नास हजार रुपये जास्त हवेत. ही सूचना त्याला मांडताच येत नव्हती, कारण गव्हर्नरच्या शिफारशीशिवाय एकाही रुपयाची मागणी सभागृहापुढे येत नसे, आणि ती शिफारस सरकार सांगेल तिथेच व्हायची. मग तो काय करी? रस्त्यांच्या मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवी. त्या शंभर रुपयांत कुणालाच रस नसे. त्या निमित्ताने उभे राहून रस्त्यांची दुर्दशा सांगायची, मंत्र्याकडून उत्तर घ्यायचे आणि शेवटी कपात मागे घ्यायची. कपात खरोखरच मंजूर झाली तर ती सरकारवरचा अविश्वास ठरते, म्हणून सत्ताधारी पक्षाचा सभासद त्या वाटेला जात नाही. हा सगळा रिवाज आजही मुंबईच्या विधानभवनात तसाच चालू आहे, रकमेसकट.

आणि एवढे करूनही सभागृहाने एखादी मागणी नाकारलीच, तर कायद्याने गव्हर्नरच्या हातात आणखी एक किल्ली ठेवली होती. आपल्या 'विशेष जबाबदाऱ्या' पार पाडायला ती रक्कम लागते असे त्याला वाटले, तर खर्चाच्या अंतिम यादीत ती पुन्हा घालायची आणि यादीवर सही करायची. त्या सहीनंतर खर्च कायदेशीर. आज विधानसभा विनियोजन विधेयक संमत करते तेव्हा तिजोरीतून पैसा निघतो. त्या काळी असले विधेयक नव्हते, गव्हर्नरची सही हेच विनियोजन होते. काँग्रेसने 1937 च्या निवडणुका जिंकूनही तीनेक महिने सत्ता का घेतली नाही, त्याचे कारण गव्हर्नरचे असलेच विशेष अधिकार. त्या मधल्या काळात साताऱ्याचे धनजीशा कूपर सभागृहात बहुमत नसताना मुंबईचे पंतप्रधान होते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जूनमध्ये गव्हर्नर रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत अशा अर्थाचा खुलासा केला, तेव्हा कुठे जुलैमध्ये खेर आणि लठ्ठे खुर्चीवर बसले.

लठ्ठ्यांपुढचा खरा पेच मात्र गव्हर्नरने निर्माण केलेला नव्हता. तो त्यांच्याच पक्षाने दिलेल्या शब्दाचा होता. तो शब्द म्हणजे दारूबंदी.

मुंबई इलाख्याच्या महसुलाचा सुमारे चौथा हिस्सा अबकारीतून येत होता. दारूच्या गुत्त्यांचे लिलाव, ताडीच्या झाडांवरचा कर, विलायती मद्याचे परवाने यांवर शाळा आणि दवाखाने चालत होते. या विसंगतीवर काँग्रेसने वर्षानुवर्षे टीका केली होती आणि आता ती मोडण्याची पाळी तिच्यावरच आली होती. खाते होते डॉ. गिल्डर यांच्याकडे. ते स्वतः पारशी, आणि मद्याच्या धंद्यात पारशी समाजाचा मोठा पैसा गुंतलेला. 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी करायचे ठरले. शहर म्हणजे अबकारी उत्पन्नाचा मुख्य झरा. तो बुजवला तर पडणारा खड्डा कशाने भरायचा, याचे उत्तर अर्थमंत्र्याला त्याच अंदाजपत्रकात द्यायचे होते.

करांच्या यादीकडे पाहिले की लठ्ठ्यांच्या हाती किती थोडे होते ते कळते. आयकर आणि जकात केंद्राची. आयकराचा प्रांतांना मिळणारा वाटा सर ऑटो निमायर यांच्या 1936 च्या निवाड्याने ठरला होता. त्यात मुंबईला वाटून द्यायच्या रकमेचे शेकडा 20 होते आणि तेही रेल्वेची कमाई बरी झाली तर. मीठ केंद्राचे. शेतसारा प्रांताचा खरा, पण त्याची आकारणी तीस-तीस वर्षांच्या बंदोबस्ताने ठरायची. ती मुळी सभागृहाच्या दर वर्षाच्या मताने ठरतच नव्हती. ही बाब फारशी कुणी लक्षात घेत नाही. शेतकऱ्याच्या मानेवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत जड बोजा महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांनी बसवायचा, आणि सभागृहाने फक्त त्याचे आलेले उत्पन्न जमेच्या बाजूला वाचायचे. बारडोलीचा 1928 चा सत्याग्रह याच कारणाने सभागृहाबाहेर लढावा लागला. मोरारजी देसाई महसूल मंत्री असताना 1939 साली जमीन महसुलाच्या कायद्यात नवे प्रकरण घातले गेले आणि सारावाढीची रीत प्रथमच कायद्याच्या चौकटीत बांधली गेली. माझ्या मते त्या सरकारचे हे काम दारूबंदीपेक्षा अधिक टिकाऊ ठरले. नाव मात्र दारूबंदीचे झाले.

नेमक्या त्याच काळात कोल्हापूर संस्थानातले शेतकरी सारा कमी करा म्हणून मोर्चे काढत होते. भाई माधवराव बागल त्यांच्या पुढे होते. फेब्रुवारी 1939 मध्ये जयसिंगपूरला प्रजा परिषद उभी राहिली आणि तिने साराकपातीबरोबर जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली. दोन्ही मागण्या एका श्वासात यायचे कारण उघड आहे. सारा कमी करा म्हणायचे ते कोणापुढे? महाराजांपुढे अर्ज करता येतो, पण अर्जाला मत नसते. त्याच संस्थानाचा माजी दिवाण तेव्हा दूर मुंबईत नव्या कराचे विधेयक घेऊन सभागृहाची मनधरणी करत होता. लठ्ठ्यांच्या मनात या योगायोगाने काय आले असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

तर खड्डा भरायला लठ्ठ्यांनी निवडली घरे. 1935 च्या कायद्यात प्रांतांच्या करांच्या यादीत एक नोंद होती: जमिनी, इमारती, चुली आणि खिडक्या यांवरील कर. चुली-खिडक्या विलायतेच्या जुन्या करपरंपरेतून आलेल्या. मुंबईला उपयोग होता तो पहिल्या दोन शब्दांचा. मुंबई आणि अहमदाबादसारख्या शहरांतल्या स्थावर मिळकतीवर तिच्या वार्षिक भाडेमूल्याच्या शेकडा 10 इतका कर बसवायचे ठरले. त्यासाठी 1932 च्या मुंबई वित्त कायद्यात नवा भाग जोडला. वर्षाला दहा हजार रुपये भाडेमूल्य असलेल्या गिरगावातल्या चाळीच्या मालकाने महापालिकेच्या घरपट्टीशिवाय आणखी हजार रुपये प्रांताच्या तिजोरीत भरायचे.

मुंबईत गदारोळ उडाला. बहुतेक मोठे घरमालक पारशी, मुसलमान, गुजराती. पारशांची दुहेरी तक्रार होती: धंदा गेला तो आमचा आणि त्याची भरपाईही आमच्याच घरांतून. मुसलमानांचे म्हणणे असे की दारू आमच्या धर्मात निषिद्धच, मग ती बंद करायचा खर्च आमच्या मिळकतींवर का? ऑगस्टच्या पहिल्या दिवशी दारूबंदीची मिरवणूक आणि कराचा निषेध हे दोन्ही शहरात एकाच वेळी चालले होते.

विधानसभेत मात्र निकाल आधीच ठरलेला होता. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष आणि पक्षशिस्त कडक. विरोधी बाकांवरून उत्तम भाषणे झाली असतील, पण आकडे हलत नव्हते. खर्चाच्या मागण्यांबाबत सभागृह लिखित कायद्याने बांधलेले होते, कराच्या विधेयकाबाबत पक्षाच्या आदेशाने. खरा निर्णय पक्षाच्या बैठकीत आणि मंत्रिमंडळात झाला होता आणि सभागृहाने त्यावर शिक्का मारला, असे म्हणता येईल. पण हा शिक्का फुकटचा नव्हता. त्याची किंमत पुढच्या दोन खटल्यांत कळते.

पहिला खटला घरमालकांचा. सर बैरामजी जीजीभॉय यांनी हायकोर्टात सांगितले की वार्षिक भाडेमूल्यावरचा कर म्हणजे नाव बदललेला आयकर, आणि आयकर केंद्राचा, त्यामुळे प्रांताला हा कर बसवायचा अधिकारच नाही. युक्तिवाद वरवर भक्कम होता, कारण आयकराच्या कायद्यातही घराचे उत्पन्न जवळपास अशाच भाडेमूल्यावरून काढतात. मुख्य न्यायमूर्ती ब्यूमाँट यांच्यासह पूर्ण पीठाने तो फेटाळला. मोजमाप सारखे असले तरी कर मुळात कशावर आहे ते पाहायचे, असा न्यायाधीशांचा रोख. मालकाला त्या घरातून प्रत्यक्षात किती मिळकत झाली याची हा कर चौकशी करत नाही. इमारत आहे म्हणून तो आहे. भाडेमूल्य हे फक्त माप. कर टिकला.

दुसरा खटला दारूबंदीचा. दारू बाळगायला बंदी करणारा आदेश सरकारने जुन्या अबकारी कायद्याखाली नुसत्या अधिसूचनेने काढला होता. चिनुभाई लालभाई विरुद्ध सरकार या खटल्यात हायकोर्टाने ती अधिसूचना बेकायदा ठरवली. अबकारी कायद्याने सरकारला जेवढा अधिकार दिला होता तेवढ्यात हे बसत नव्हते. म्हणजे पाहा, जो कर सभागृहापुढे आणून, शिव्या खाऊन, मते मोजून मंजूर केला तो कोर्टात उभा राहिला, आणि ज्यासाठी तो कर घेतला ती बंदी सचिवालयातल्या कागदावर काढली म्हणून पडली. बहुमत हातात असताना सभागृहाला वळसा घालायचा मोह का होतो हे मला कळत नाही. वेळ वाचतो एवढेच.

निकाल लागेपर्यंत खेर मंत्रिमंडळच राहिले नव्हते. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले, त्यात नोव्हेंबर 1939 मध्ये मुंबईचाही होता. गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी कलम 93 खाली सगळे अधिकार आपल्याकडे घेतले. सभागृहाचेसुद्धा. पडलेल्या अधिसूचनेला आधार देणारी दुरुस्ती 1940 साली याच मार्गाने झाली, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाने करायचा कायदा गव्हर्नरच्या एका सहीने झाला. 1946 मध्ये खेर परत येईपर्यंत मुंबई प्रांताची अंदाजपत्रके कुणापुढेही मतदानाला गेली नाहीत. पगार निघाले, पूल दुरुस्त झाले, युद्धाच्या काळात महसूल वाढलासुद्धा. सभागृहाशिवाय राज्याचा जमाखर्च चालू शकतो, ही अप्रिय गोष्ट त्या सहा वर्षांनी सिद्ध केली. लठ्ठे ज्या पद्धतीतून आले होते तीच पद्धत मुंबईत अवतरली होती, फक्त महाराजांच्या जागी लाटसाहेब.

आणि कराचे काय झाले? दारूबंदीची पकड सैल झाली, गुत्ते पुन्हा चालू झाले, पण तिच्यासाठी आणलेला घरांवरचा कर गव्हर्नरने सोडला नाही. कोणताही राज्यकर्ता आयता आलेला कर सोडत नाही. 1940-41 च्या आयकर आकारणीत हा कर उत्पन्नातून वजा मिळतो की नाही, यावर मुंबईच्या न्यू पीस गुड्स बझार कंपनीने लढा दिला. त्याचा निकाल 1950 मध्ये सुप्रीम कोर्टात लागला, कंपनीच्या बाजूने. त्याच वर्षी मे महिन्यात लठ्ठे वारले.

त्याआधी वर्षभर, 1 मार्च 1949 रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. शेतसारा आता दरबारात न जाता मुंबईच्या तिजोरीत जाऊ लागला आणि राधानगरीच्या राहिलेल्या धरणाचा खर्चही राज्याच्या अंदाजपत्रकात आला. 1952 च्या निवडणुकीत जिल्ह्याने मुंबईच्या विधानसभेसाठी मत दिले. भाई बागलांची मागणी निदान कागदावर पुरी झाली.

नव्या राज्यघटनेने 1935 च्या कायद्याचा सांगाडा ठेवला. भारित आणि दत्तमत हे दोन भाग तसेच राहिले, शिफारशीची अट तशीच राहिली, रक्कम वाढवायची बंदीही राहिली. गेली ती गव्हर्नरची परत रक्कम घालायची किल्ली, आणि आले विनियोजन विधेयक. वरकरणी यामुळे सगळी सत्ता सभागृहाकडे यायला हवी होती. ती आली नाही, ती वित्त विभागाकडे गेली. कशी, ते एका उदाहरणाने सांगतो.

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2020-21 चा अर्थसंकल्प मंजूर केला. टाळेबंदी लागली आणि महसूल आटला. 4 मे 2020 रोजी वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. त्यात सांगितले की विकासकामांसाठी मंजूर तरतुदीपैकी फक्त 33 टक्केच रक्कम वापरायला मिळेल. त्या परिस्थितीत दुसरा इलाज नव्हता हे मान्य. पण काय घडले ते नीट पाहा. सभागृहाने शंभर रुपये मंजूर केले आणि सदुसष्ट रुपये एका परिपत्रकासारख्या कागदाने गेले, आणि त्यासाठी कुणाला सभागृहात उभे राहावे लागले नाही. संकट नसतानाही हेच यंत्र चालते. मंजूर तरतूद वर्षभरात किती टक्के, कोणत्या महिन्यात, कोणत्या खात्याला सोडायची हे वित्त विभाग ठरवतो आणि ती संगणकावर उघडल्याशिवाय जिल्ह्यातले बिल निघत नाही. विधानसभेचे मत म्हणजे खर्चाची परवानगी. ती खर्चाची आज्ञा नसते. हे कायदेशीरदृष्ट्या बरोबरच आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

छाननीची अवस्था काय? संसदेत 1993 पासून खात्यावार स्थायी समित्या आहेत. अंदाजपत्रक मांडले की मागण्या त्यांच्याकडे जातात आणि समितीपुढे सचिवांना बसावे लागते. महाराष्ट्राच्या विधिमंडळात मतदानापूर्वी मागण्या अशा तपासणारी व्यवस्था नाही. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, पण लोकलेखा समिती खर्च झाल्यावर, महालेखापरीक्षकांचा अहवाल आल्यावर पाहते, तेव्हा तो मंत्रीही कधी कधी बदललेला असतो. सभागृहात मोजक्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते. ठरलेल्या दिवशी घड्याळ संपले की उरलेल्या सगळ्या मागण्या एकामागून एक मताला टाकून मंजूर करतात. याला गिलोटिन म्हणतात आणि त्याखाली हजारो कोटी जातात. मग जून-जुलैच्या आणि नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, म्हणजे मार्चमधला हिशेब वर्षातून पुन्हा पुन्हा ताणला जातो. पुरवणी मागण्या मुळात अनपेक्षित खर्चासाठी असतात. पुरासाठी त्या लागतात, कोल्हापूरला 2019 आणि 2021 मध्ये लागल्या. पण ज्या योजनेची घोषणा करताना पैशाची तरतूद करायचेच राहून गेले, तिच्यासाठी त्या वापरल्या की अर्थसंकल्प म्हणजे नुसती सुरुवातीची बोली उरते.

करांचे तर आणखी पुढे गेले. 1 जुलै 2017 नंतर राज्याच्या विक्रीकराचा मोठा भाग जीएसटीत गेला. त्याचे दर जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे केंद्राचे मत एक तृतीयांश वजनाचे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्र नको म्हणाले तर काही होत नाही आणि एकटे महाराष्ट्र नको म्हणाले तर फारसा फरक पडत नाही. राज्याच्या एकट्याच्या हातात राहिले मुख्यतः मुद्रांक शुल्क, वाहनांवरचा कर, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, वीज शुल्क आणि दारू. लठ्ठ्यांच्या यादीपेक्षा ही यादी फार लांब नाही.

म्हणूनच 10 जून 2025 रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेले, त्यात आश्चर्य नाही. या फेरबदलातून वर्षाला सुमारे 14 हजार कोटी जादा मिळतील असा सरकारचा अंदाज होता. 1939 मध्ये दारू सोडायची म्हणून सरकारने घरांवर कर बसवला, आता इतर खर्च भागवायचा म्हणून दारूवरच भार टाकला. धोरण बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण मार्चमधल्या अर्थसंकल्पात नव्हे, तर दोन अधिवेशनांच्या मध्ये, अधिसूचनेने होणाऱ्या कामातून एवढी रक्कम उभी राहणार होती. लठ्ठ्यांनी त्याहून कितीतरी लहान रकमेसाठी सभागृहात विधेयक आणले होते.

कोल्हापूरला या गोष्टीचा स्वतःचा अनुभव आहे. शहरातल्या रस्त्यांचा टोल कुठल्याच अर्थसंकल्पात मताला आलेला नव्हता. तो एका कराराने आला. म्हणून त्याला विरोधही सभागृहात न होता नाक्यावर झाला, एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली, आणि 2015 च्या डिसेंबरात राज्य सरकारला तो रद्द करावा लागला. ठेकेदाराची भरपाई शेवटी सरकारलाच द्यावी लागली, म्हणजे आधी न विचारलेला खर्च नंतर सर्वांच्या खिशातून गेला.

कोल्हापूर जिल्ह्यातून दहा आमदार विधानसभेत बसतात. मार्चमध्ये आपल्या मतदारसंघासाठी अमुक कोटी मंजूर झाले असे फलक चौकात लागतात. ते फलक लागले की वाचकांनी आमदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: त्या मंजूर रकमेपैकी डिसेंबरअखेर वित्त विभागाने किती सोडली, त्या खात्याची मागणी चर्चा होऊन मंजूर झाली की गिलोटिनखाली गेली, आणि यंदा एखादा कर किंवा शुल्क अधिवेशन नसताना वाढले असेल तर त्यांनी पुढच्या अधिवेशनात त्यावर प्रश्न विचारला का. तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरकारी कागदांत असतात, ती मागावी लागतात.